पॅकिंग आणि लोगो तंतोतंत हवा असेल तर मजकुरावरून व्हिडिओ की फोटोवरून व्हिडिओ?

प्रश्न: शाम्पूच्या बाटलीची 15 सेकंदांची जाहिरात एआय वापरून करायची आहे. बाटलीचा आकार, लेबल, लोगो सगळं जसंच्या तसं दिसायला हवं. मजकुरावरून व्हिडिओ बनवू की फोटोवरून? फोटोवरून करून पाहिलं, पण दोन-तीन सेकंदांनी लोगोची अक्षरं बिघडतात.

उत्तर: संपूर्ण जाहिरातीसाठी एकच पद्धत निवडू नका, निवड प्रत्येक शॉटसाठी वेगळी करा. बाटली दिसत नाही ते शॉट मजकुरावरून करा. बाटली दिसते ते शॉट फोटोवरून करा, पण त्यातही लोगो मॉडेलच्या भरवशावर सोडू नका. शेवटी पडद्यावर दिसणारी लेबलवरची अक्षरं तुमच्या मूळ आर्टवर्कमधूनच आलेली हवीत. हे असं का, ते आधी सांगतो, कारण ते कळलं की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात.

व्हिडिओ मॉडेल थेट पिक्सेलवर काम करत नाही. आधी चित्र दाबून लहान केलं जातं, त्या लहान रूपात व्हिडिओ तयार होतो आणि मग तो पुन्हा मोठा केला जातो. वान 2.1 या खुल्या मॉडेलचंच उदाहरण घ्या. त्यात आडव्या आणि उभ्या दिशेला 8-8 पट दाब आहे, आणि पहिली फ्रेम सोडली तर पुढच्या चार-चार फ्रेम एकत्र दाबल्या जातात. त्यावर मॉडेल 2×2 चे गट करून विचार करतं. म्हणजे त्याच्या लेखी सगळ्यात लहान तुकडा 16×16 पिक्सेलचा आणि चार फ्रेमचा असतो.

आता तुमची बाटली मोजू. समजा बाटली 180 मिलिमीटर उंच आहे आणि 1280×720 च्या फ्रेममध्ये ती उंचीचा 70 टक्के भाग व्यापते. म्हणजे 504 पिक्सेल, एका मिलिमीटरला 2.8 पिक्सेल. लोगोचं अक्षर 12 मिलिमीटरचं असेल तर ते सुमारे 34 पिक्सेल उंच, म्हणजे जेमतेम दोन तुकडे. त्याखालची 3 मिलिमीटरची ओळ 8 पिक्सेलची, म्हणजे अर्धा तुकडा. वजन-मापाची 1.5 मिलिमीटरची अक्षरं तर 4 पिक्सेलची. इतक्या बारीक अक्षराचा आकार दाबलेल्या रूपात शिल्लकच राहत नाही. मोठं करताना मॉडेल तिथे अक्षरासारखं दिसणारं काहीतरी भरतं. लोगो देवनागरीत असेल तर आणखी जपा. वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला अर्धा भाग हे सगळं मूळ अक्षरापेक्षा कितीतरी लहान असतं, आणि आधी तेच गळतं.

मजकुरावरून व्हिडिओ करताना तर मॉडेलसमोर तुमची बाटली नसतेच. गडद हिरवी बाटली, पांढरा लोगो, चंदेरी झाकण असं कितीही बारकाईने लिहिलं तरी हातात येते ती त्या वर्णनाला बसणारी कुठलीतरी बाटली. खांद्याचा उतार, झाकणाची उंची, लेबलची कड कुठे संपते, हे शब्दांत मावत नाही. उत्पादनाचे 20-30 फोटो देऊन लोरा, म्हणजे मूळ मॉडेलला जोडायचा छोटा पूरक भाग, प्रशिक्षित केला तर आकार आणि रंग बरेच जवळ येतात, अक्षरं मात्र तरीही अंदाजानेच येतात. संदर्भचित्र देऊन व्हिडिओ करण्याच्या पद्धतीचंही तसंच आहे. बाटली ओळखीची वाटते, पण आर्टवर्कशेजारी ठेवली की फरक उघडा पडतो.

फोटोवरून व्हिडिओमध्ये पहिली फ्रेम तुमची असते, म्हणून सुरुवात अचूक दिसते. पण मॉडेल त्या फोटोतले पिक्सेल सरकवत नाही. पहिल्या फ्रेमचा आधार घेऊन पुढची प्रत्येक फ्रेम ते नव्याने काढतं. बाटली हलली, उजेड बदलला, कॅमेरा सरकला की लेबलही नव्याने काढावं लागतं, आणि दर वेळी थोडी चूक पडते. तुमची अक्षरं दोन-तीन सेकंदांनी बिघडतात ती यामुळे. प्रॉम्प्टमध्ये ‘लोगो बदलू नकोस’ असं लिहून हे थांबत नाही. उलट लेबलचं वर्णन जितकं जास्त, तितकं मॉडेल त्या जागेत ढवळाढवळ करतं.

तीन हालचाली लेबलला सर्वांत जास्त मारक आहेत. पहिली म्हणजे बाटली फिरणं. फोटोत न दिसलेली बाजू समोर आली की मॉडेल ती मनाने रचतं. दुसरी म्हणजे लेबलवरून काहीतरी जाणं: हात, पाण्याची धार, फेस. झाकलेला भाग पुन्हा उघडा पडतो तेव्हा तिथे बहुतेकदा वेगळीच अक्षरं असतात. तिसरी म्हणजे कॅमेरा जवळ जाणं. पहिल्या फ्रेममध्ये 34 पिक्सेलचं असलेलं अक्षर शेवटी 90 पिक्सेलचं व्हायला हवं असेल, तर मधला तपशील कुठून येणार? तो बनवावाच लागतो.

तिसऱ्या अडचणीवर एक सोपा उपाय आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. बाटलीचा जवळचा, स्पष्ट फोटो पहिली फ्रेम म्हणून द्या, कॅमेरा हळूहळू मागे नेण्याची सूचना द्या आणि तयार क्लिप संपादनात उलटी चालवा. मागे जाताना मॉडेलला फक्त आजूबाजूचा परिसर रचावा लागतो, लेबल लहानच होत जातं. उलटी चालवली की कॅमेरा बाटलीकडे येतो आणि शॉट तुमच्या खऱ्या फोटोवर थांबतो. पाणी, वाफ, गळणारे थेंब, चालणारी माणसं असलेल्या शॉटला मात्र हे चालत नाही, थेंब वर चढताना लगेच कळतात.

आता तुमच्या 15 सेकंदांची विभागणी करू. समजा सहा शॉट आहेत: केसांवर पडणारं पाणी 2.5 सेकंद, ओलं पान 2 सेकंद, हातात बाटली 3 सेकंद, फेस 2 सेकंद, झुलणारे केस 2.5 सेकंद आणि शेवटचा पॅकशॉट, म्हणजे नुसत्या बाटलीचा शॉट, 3 सेकंद. यातले पाणी, पान, फेस आणि केस हे चार शॉट, म्हणजे 9 सेकंद, मजकुरावरून बिनधास्त करा. तिथे मॉडेलला मोकळीक असते आणि हालचाल फोटोवरून केलेल्या व्हिडिओपेक्षा बऱ्याचदा जास्त सहज येते. एवढंच सांभाळा की प्रॉम्प्टमध्ये शाम्पू किंवा बाटली हा शब्दच येऊ देऊ नका. ‘बाटली नको’ असं लिहिलं तरी कोपऱ्यात एखादी परकी बाटली, तीही अर्धवट लेबलसकट, उगवू शकते. प्रत्येक क्लिप थांबवून पार्श्वभूमी तपासा.

उरलेले दोन शॉट बाटलीचे, खरं काम तिथे आहे.

पॅकशॉट आधी घ्या, कारण तो सोपा आहे आणि जाहिरातीत सर्वांत जास्त निरखून पाहिला जातो. बाटलीचा फोटो 85 ते 100 मिलिमीटरच्या लेन्सने, लेबलच्या मध्याच्या उंचीवरून काढा, म्हणजे बाजूच्या कडा तिरक्या दिसणार नाहीत. मोबाइल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत बाटली मधे फुगते आणि पुढे कशानेही सरळ होत नाही. पॅकिंग अजून छापून आलं नसेल तर आर्टवर्कची फाइल ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बाटलीच्या थ्रीडी मॉडेलवर चढवून रेंडर काढा. दोन्ही बाबतीत बाटली कापून पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीत वेगळी ठेवा. पुढे सगळं याच फाइलवर उभं राहणार आहे.

मग पार्श्वभूमी, खालची सावली आणि बाटली जोडून एक स्थिर चित्र बनवा, मॉडेल मागतं त्याच मापात. माप वेगळं असेल तर मॉडेल चित्र कापतं किंवा ताणतं, आणि बाटली लांबट किंवा बसकी होते. बाटलीवरचा उजेड पार्श्वभूमीशी जुळवण्यासाठी हे चित्र एआयच्या चित्रसंपादनात टाकू नका. तिथे लेबल नव्याने काढलं जातं, आणि चूक व्हिडिओ सुरू होण्याआधीच आत शिरते. उजेड जुळवायचा तर फोटो काढतानाच जुळवा.

आता या चित्रावरून व्हिडिओ करा, पण हालचाल फक्त मागच्या बाजूला मागा. प्रॉम्प्ट साधारण असा:

```
Locked camera. Soft light slowly moves from left to right
across the wall behind. Thin mist drifts in the background.
The object in the foreground stays completely still.
```

यात बाटली, लेबल, लोगो यांपैकी एकही शब्द नाही, आणि ते मुद्दाम आहे. क्लिप आली की वेगळी ठेवलेली पीएनजी तिच्यावर अगदी त्याच जागी ठेवा. आता बाटली पूर्णपणे तुमची, आणि मागचा उजेड, धुकं, खालची सावली मॉडेलची. बाटली पहिल्या चित्रात असू द्यायची ती सावलीसाठी आणि जमिनीवरच्या प्रतिबिंबासाठी. रिकाम्या पार्श्वभूमीवर नंतर बाटली चिकटवली तर ती हवेत तरंगल्यासारखी दिसते.

मॉडेलने सांगूनही बाटली एक-दोन पिक्सेल हलवली असेल तर कडेला दुहेरी रेघ दिसते. ती डोळ्याने शोधत बसू नका. वरच्या थराचा ब्लेंड मोड डिफरन्स करा, म्हणजे दोन थरांमधला फरकच तेवढा दिसेल, आणि क्लिप चालवा. बाटलीची जागा जवळपास काळी राहिली तर ती स्थिर आहे. कडेने उजळ रेघ उमटू लागली तर बाटली सरकली आहे. अशा वेळी दुसऱ्या सीडने, म्हणजे मॉडेलला सुरुवातीला दिला जाणारा यादृच्छिक आकडा बदलून, क्लिप पुन्हा काढणं हे ट्रॅकिंग करण्यापेक्षा लवकर होतं. सगळं जुळलं की कडेला दोन पिक्सेलचं फेदर द्या आणि दोन्ही थरांवर मिळून थोडं ग्रेन टाका, नाहीतर खरी बाटली मागच्या मऊ चित्रापुढे कात्रणासारखी उठून दिसते. बाटली पारदर्शक असेल तर आख्खी बाटली झाकू नका, फक्त लेबल वर ठेवा. काचेतून दिसणारी पार्श्वभूमी हलत राहायला हवी.

हातातल्या बाटलीचा शॉट अवघड. ‘हात कपाटातून बाटली उचलतो’ असा शॉट लिहिला असेल तर तो बदला. त्यात लेबल झाकलं जातं, बाटली फिरते, बोटं लोगोवरून जातात, तिन्ही संकटं एकदम. त्याऐवजी शॉटची सुरुवातच हातात धरलेल्या बाटलीने करा. खरी बाटली खऱ्या हातात धरून फोटो काढा, अंगठा लोगोच्या खाली राहील असा. हालचाल एवढीच मागा की हात थोडा वर येतो आणि बाटली फार तर 10-15 अंश वळते. वेगवेगळ्या सीडने सात-आठ क्लिप काढा. त्यातली निवडताना लोगो पाहू नका, तो आपण बदलणारच आहोत. पाहायचं ते असं: बोटं पाचच आहेत ना, बाटलीचे खांदे आणि झाकण शेवटच्या फ्रेमपर्यंत तसंच आहे ना, लेबलची बाह्य कड डगमगत नाही ना. बाटलीचा आकारच बदलत असेल तर वरून लेबल लावून काही उपयोग नाही.

क्लिप ठरली की कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी फ्रेमचा वेग जुळवा, उदाहरणार्थ वान 2.1 च्या 16 फ्रेमवरून 24 किंवा 25 वर. मग क्लिप 1920×1080 पर्यंत मोठी करा. लेबल सगळ्यांत शेवटी, अंतिम मापात चढवा. हे उलट केलं तर मोठं करणारं साधन तुमची स्वच्छ अक्षरं पुन्हा ‘सुधारतं’ आणि मेहनत वाया जाते.

लेबल चढवण्यासाठी मोचा किंवा फ्यूजन या सॉफ्टवेअरमधला प्लॅनर ट्रॅकर पुरतो; तो सपाट भागाची हालचाल फ्रेममागून फ्रेम पकडतो. ट्रॅक करताना लोगोची अक्षरं मास्कमधून वगळा आणि लेबलच्या कडा, झाकणाची रेघ यांचा आधार घ्या. अक्षरं वळवळत असतात, त्यांना धरलं तर ट्रॅकही वळवळतो. बाटली गोल असल्यामुळे पर्स्पेक्टिव्ह बंद ठेवा, स्थान, माप, फिरणं आणि शिअर एवढंच घ्या. सपाट ट्रॅकर गोल पृष्ठभागावर साधारण 15 अंशांच्या वळणापर्यंत निभावतो, वर हालचाल मर्यादित ठेवली ती यासाठीही. त्यापुढे लेबलची दूरची कड घसरताना दिसते. बाटली पूर्ण फिरवायचीच असेल तर तो शॉट सरळ ब्लेंडरमधून रेंडर करा, तिथे व्हिडिओ मॉडेलचा काही फायदा नाही.

लेबल जागेवर बसलं तरी ते स्टिकरसारखं दिसेल, कारण क्लिपमध्ये त्यावरचा उजेड बदलतो आणि तुमचं लेबल मात्र एकसारखं असतं. तो उजेड क्लिपमधूनच काढून घेता येतो. ट्रॅकच्या आधारे लेबलचा भाग स्थिर करा, तो 40 पिक्सेलच्या आसपास ब्लर करा आणि पहिल्या फ्रेमच्या तशाच ब्लरने भागा:

```
नवे_लेबल(t) = खरे_लेबल × ब्लर(फ्रेम_t) ÷ ब्लर(फ्रेम_0)
```

भागाकारामुळे लोगोचा पांढरा डाग दोन्हीकडून कटतो आणि फक्त उजेडातला बदल उरतो. तोच खऱ्या लेबलला गुणायचा. खरं लेबल मूळ फोटोतून घेतलेलं असल्यामुळे ब्रँडचा रंगही बरोबर राहतो, दाबण्या-उलगडण्यात मॉडेलने हिरव्याची छटा बदलली असेल ती या लेबलवर येत नाही. हे लिनिअर रंगात करा, नाहीतर गडद भाग काळवंडतो. अंगठा लेबलच्या थोडा वर येत असेल तर त्याचा रोटो करून, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये त्याची कड आखून कापून, तो लेबलच्या वरच्या थरात ठेवावा लागतो. तीन सेकंदांचा शॉट म्हणजे 25 च्या वेगाने 75 फ्रेम, हातानेही आटोक्यात येतं.

तपासणीसाठी क्लिप चालवून पाहणं पुरेसं नाही. हलत्या चित्रात डोळा अक्षरं पूर्ण करून वाचतो, आणि जाहिरात बनवणाऱ्याला लोगो पाठ असल्यामुळे त्याला चूक सर्वांत उशिरा दिसते. लोगोचा भाग कापून सगळे नमुने एका चित्रात मांडा. 5 सेकंदांच्या क्लिपसाठी ffmpeg या मोफत साधनाची आज्ञा अशी:

```
ffmpeg -i shot03.mp4 -vf "crop=320:240:480:260,fps=4,tile=5x4" -frames:v 1 check.png
```

यात 320×240 चा तुकडा डावीकडून 480 आणि वरून 260 पिक्सेलवर कापला जातो. हे आकडे तुमच्या लोगोच्या जागेप्रमाणे बदला. सेकंदाला चार याप्रमाणे 20 चौकोन एकाच पानावर येतात. शेजारी आर्टवर्क उघडा आणि एकेक अक्षर जुळवा. लोगो न बदललेल्या क्लिपवर हीच आज्ञा चालवलीत तर बिघाड नेमका कितव्या चौकोनात सुरू होतो ते दिसेल. कधी कधी पहिले चार-पाच चौकोन चांगले असतात आणि शॉट मुळात सव्वा सेकंदाचाच हवा असतो. मग तेवढाच तुकडा घ्या, ट्रॅकिंगची गरजच नाही.

शेवटची फाइल देताना एक गोष्ट सांभाळा. नेहमीच्या एमपी4 मध्ये रंगाचा तपशील आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना निम्म्यावर येतो. पांढऱ्या अक्षराला फारसा धक्का बसत नाही, पण हिरव्यावर लाल अशी बारीक ओळ असेल तर तिच्या कडा पसरतात. मास्टर फाइल रंगाचा पूर्ण तपशील राखणाऱ्या प्रोरेझ 4444 मध्ये ठेवा, एमपी4 त्यातून काढा आणि पॅकशॉट त्या एमपी4 मध्ये पुन्हा तपासा. ती लाल ओळ पुसट झालीच तर शेवटच्या तीन सेकंदांत बाटली फ्रेमच्या 70 ऐवजी 85 टक्के उंचीची ठेवा आणि पहिलं स्थिर चित्र त्या मापाने पुन्हा जोडा.